चार गोष्टी पाहिजेत

अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकत असताना दर्यापूरकडच्या एका मित्राचा आलेला निरोप मला अजून आठवतो. टायफॉइडने तो गावी पडून होता.

‘गड्या, ताप उतरला, पण अशक्तपणा लय आहे. मृदाशास्त्राच्या चार गोष्टी पाहिजेत मले. क्षारयुक्त अन् चोपण जमिनीतला फरक, मातीतल्या सोडियमची टक्केवारी, जिप्समची मात्रा काढायचं गणित, अन् खारपाण पट्ट्याबद्दल सर जे बोलले ते. आम्लधर्मी जमीन माह्याजवळ आहे, ते नको. गणिताच्या साऱ्या पायऱ्या दिसतील असा फोटो काढजो. घाई नाही.’

‘नोट्स पाठव’ एवढंच लिहिलं असतं, तर मी अख्खी वही उलटीपालटी करत बसलो असतो. त्याने अंथरुणावरून अभ्यासक्रमाचा कागद काढून, आपलं कुठवर झालं आणि कुठून सुटलं, हे आधी ताडून पाहिलं होतं. ‘ते नको’ या दोन शब्दांत तर माझ्या वेळेची केवढी कदर होती!

पायऱ्यांचा आग्रह मला वही उघडल्यावर उमगला. पानाच्या तळाशी चौकटीत उत्तर होतं, ९.६ टन. नुसतं तेवढं पाठवलं असतं तर ते फक्त त्या एका उदाहरणाचं राहिलं असतं. मातीची धन आयन धरून ठेवण्याची क्षमता ५०. त्यात सोडियमचा वाटा १५ टक्के, तो ५ वर आणायचा. म्हणजे ५० चे १० टक्के, ५ एकक सोडियम हटवायचा. वरच्या १५ सेंटीमीटर थरातला एक एकक हटवायला हेक्टरी साधारण १.९२ टन शुद्ध जिप्सम लागतं, म्हणून ९.६. थर दुप्पट खोल धरला की मात्राही दुप्पट. पायऱ्या हाती असल्या, की आपल्या शेताचा माती परीक्षणाचा कागद समोर ठेवून तेच गणित पुन्हा मांडता येतं.

आणि त्याला ते मांडायचंच होतं. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाण पट्ट्यातच त्याचं रान होतं. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. ओली असताना ती काळी माती चिकट होऊन पाणी आत जाऊ देत नाही, अन् वाळली की दगडासारखी होते.

चौथी मागणी सगळ्यांत अवघड, कारण सर जे बोलले ते कुणाच्याच वहीत नव्हतं. मी आठवून लिहिलं: ‘जिप्सम टाकून भागत नाही. त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, पण सुटलेला सोडियम मुळांखाली धुऊन जायला गोडं पाणी लागते अन् निचऱ्याला चर लागतात. चर नसतील तर पैसा मातीत.’

हे लिहिताना मलाही तो तास नव्याने कळला. नेमकं मागणारा मित्र देणाऱ्याचाही अभ्यास करून घेतो.