एकशे शहात्तर ट्रक नोटा

धार आणि देवास ही दोन्ही पवारांची गावं. आमचं घर धारला, आजोळ देवासला. आमच्या लहानपणी देवासची ओळख दोनच गोष्टींवरून व्हायची, माताजींची टेकडी आणि नोटांचा छापखाना. बँक नोट प्रेसमधून निवृत्त झालेले आमचे मामा अजूनही कोऱ्या नोटेकडे बघतात ते शिंपी शिवणीकडे बघतो तसं.

जून 2023 मध्ये याच छापखान्याचं नाव देशभर गाजलं. बातमी अशी होती की 88,032.5 कोटी रुपयांच्या, नव्या रचनेच्या पाचशेच्या नोटा छापखान्यांतून निघाल्या, पण रिझर्व्ह बँकेत पोहोचल्याच नाहीत. सुरुवात माहिती अधिकारात मिळालेल्या आकड्यांवरून झाली. मोठ्या वृत्तपत्रांनीही ती छापली. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र ती आली एका वेबसाइटवरून. तिचं नाव मी लिहीत नाही, पण तिच्या फेसबुक पानाला चार लाखांवर फॉलोअर होते, आणि ग्रुपवर शंका काढणाऱ्याला एकच उत्तर मिळत होतं, "चार लाख लोक काय वेडे आहेत?"

मामांना त्या आठवड्यात घराबाहेर पडणं नकोसं झालं. दूधवाल्यानं हसत हसत विचारलं, "भैया, आपके हिस्से में कितने आए?" गंमतच होती ती, पण तीस वर्षं गेटवर झडती देऊन आत-बाहेर केलेल्या माणसाला ती लागते. मी तेव्हा सुट्टीत देवासलाच होतो. म्हटलं, बघू या तरी हे काय आहे.

आधी आकडे बघितले. 2016-17 मध्ये नव्या पाचशेच्या नोटा अशा छापल्या गेल्याचं सांगितलं होतं: बेंगळुरू 519.565 कोटी नग, देवास 195.3 कोटी, नाशिक 166.2 कोटी. बेरीज 881.065 कोटी. रिझर्व्ह बँकेच्या त्या वर्षाच्या वार्षिक अहवालात मिळालेल्या नोटा 726 कोटी. फरक आला 155.065 कोटी. पण बातमीतला फरक होता 176.065 कोटींचा. वरचे 21 कोटी कुठून आले? तर नाशिकला एप्रिल 2015 ते मार्च 2016 मध्ये छापलेल्या नोटा त्यात मिळवल्या होत्या. आता, नव्या पाचशेच्या नोटा लोकांच्या हातात आल्या नोटबंदीनंतर, नोव्हेंबर 2016 मध्ये. मार्च 2016 च्या आधीचा आकडा 'नव्या रचनेच्या' नोटांत कसा बसतो, हा प्रश्न त्या वेबसाइटनं विचारलाच नव्हता. एवढ्या एका गोष्टीनंच 88,032 कोटींतले साडेदहा हजार कोटी डळमळीत होतात.

मामांनी चहा पिता पिता दुसरी गोष्ट दाखवली. वेबसाइटनं लिहिलं होतं, 'बेंगळुरूच्या छापखान्यातून'. मामा म्हणाले, "अरे, बेंगळुरूला छापखाना आहेच कुठे? तिथे ऑफिस आहे." आणि खरंच तसं आहे. रिझर्व्ह बँकेच्या मुद्रण कंपनीचं मुख्यालय बेंगळुरूत आहे, तिचे छापखाने मात्र म्हैसूर आणि सालबोनीला. देवास आणि नाशिक केंद्र सरकारच्या दुसऱ्या कंपनीकडे. चार छापखान्यांचा देश आणि त्यातले दोन कुठे आहेत हे ठाऊक नसलेला माणूस हिशेबातली चोरी शोधत होता! मग मामांनी 'छापली' आणि 'मिळाली' यांतला फरक समजावला. कागद छापला जातो, तपासला जातो, खराब निघालेला मोजून वेगळा काढला जातो, कापला जातो, बांधला जातो आणि मग रवाना होतो. छापखाना एका टप्प्यावर मोजतो, बँक दुसऱ्या. मार्चअखेरीस छापलेली नोट बँकेच्या वहीत पुढच्या वर्षी दिसू शकते. दोन वह्यांतल्या फरकाला लगेच चोरी म्हणता येत नाही, आधी ताळमेळ घालावा लागतो.

17 जून 2023 ला रिझर्व्ह बँकेनं पत्रक काढलं. छापखान्यांकडून मिळालेल्या माहितीचा चुकीचा अर्थ लावला गेला आहे, पुरवलेल्या सर्व नोटांचा हिशेब बरोबर आहे, असं त्यात होतं. खरं सांगायचं तर पत्रक फार त्रोटक होतं. आकड्याला आकडा ठेवून उत्तर दिलं असतं तर मामांचं काम सोपं झालं असतं. पण ज्या वृत्तपत्रांनी आधी बातमी छापली होती त्यांतल्या अनेकांनी हा खुलासाही छापला. आमच्या वेबसाइटनं नाही.

म्हणून मग मी त्या चार लाखांकडे वळलो. फेसबुकच्या कुठल्याही पानावर पारदर्शकतेचा एक भाग असतो. पान कधी सुरू झालं, आधी त्याची नावं काय होती, ते तिथे दिसतं. हे पान 2016 मधलं निघालं. पहिलं नाव एका शायरीच्या पानाचं, दुसरं क्रिकेटच्या विनोदांचं, बातम्यांचं नाव तिसरं. नंतर lookup.icann.org वर वेबसाइटचा पत्ता टाकला. तिथे नोंदणीची तारीख मिळते. वेबसाइट 2022 मधली होती. म्हणजे पान वेबसाइटपेक्षा सहा वर्षांनी मोठं! त्या चार लाखांतल्या कितीतरी लोकांनी कधीकाळी एक शेर आवडला म्हणून बटण दाबलं होतं. पुढे पाटी बदलली, माणसं आत तशीच राहिली. त्यांना 'वाचक' म्हणणं म्हणजे घर विकत घेतल्यावर आधीच्या मालकाचे पाहुणेही आपलेच म्हणण्यासारखं आहे. (पैसे देऊन घेतलेले फॉलोअर असतात ते वेगळेच. इथे तसं होतं की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि इथे त्याची गरजही पडली नाही.)

पोस्टखालच्या प्रतिक्रियाही वाचल्या. संतापाचा चेहरा, हसरा चेहरा, रडका चेहरा, सगळ्यांची बेरीज एकच. मामांनी स्वतः तिथे हिंदीत लिहिलं होतं की बेंगळुरूला छापखाना नाही. ती प्रतिक्रियासुद्धा त्या पोस्टच्या खात्यात एक म्हणून जमा झाली. आक्षेप घेतला तरी आकडा वाढतोच, तो कमी करायची सोयच नाही.

छापखान्यात कधी चोरी झालीच नाही असं मात्र कोणी समजू नये. जानेवारी 2018 मध्ये देवासच्याच प्रेसमधला एक अधिकारी बुटात नोटा लपवून नेताना सीआयएसएफच्या जवानांनी पकडला. ऑफिसातून आणि घरातून मिळून सुमारे 90 लाखांच्या नोटा निघाल्या. मामा ही गोष्ट लपवत नाहीत, उलट तीच पुरावा म्हणून सांगतात. "बुटातून गेल्या तर 90 लाख," ते म्हणतात, "आता तू 176 कोटी नोटांचं वजन कर." एक नोट साधारण एक ग्रॅमची धरली तरी 1,760 टन भरतात. दहा टनी ट्रक धरले तर 176. एवढे ट्रक गेटमधून बाहेर पडले आणि शिपायापासून चहावाल्यापर्यंत कोणाला दिसले नाहीत!

हा ट्रकांचा हिशेब मी ग्रुपवर टाकला. दोन काकांनी अंगठा दाखवला, एकानं विचारलं, "पण ट्रक दहा टनीच कशावरून?" प्रश्न चांगला होता. मग आम्ही वीस टनी धरून पुन्हा मोजले. अठ्ठ्याऐंशी आले.