न छापलेली मुखपृष्ठं

प्रकाशकाला दाखवायची तर छापलेली मुखपृष्ठं हवीत, आणि छापून यायची तर आधी प्रकाशक हवा. अप्पा बळवंत चौकात नवख्या चित्रकाराची गाडी इथेच अडते. माझीही अडली होती. मग मी असे लेखक निवडले, जे मला ना काम देऊ शकत होते ना नाकारू शकत होते. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. हरि नारायण आपटे १९१९ मध्ये गेले, त्यामुळे ‘पण लक्षात कोण घेतो’मधला उतारा मलपृष्ठावर घ्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

नमुन्याच्या कामात अडवणारं कुणी नसतं, आणि तिथेच घोळ होतो. रंग हवे तेवढे, पानं हवी तेवढी, मुखपृष्ठाची पुढची बाजू तेवढी सुंदर. कणा आणि मलपृष्ठ गायबच. अशी फाइल प्रकाशक दोन मिनिटांत मिटतो. म्हणून मी आधी कागदावर अटी लिहिल्या: डेमी आकार, ४४८ पानं, काळा आणि विटकरी असे दोनच रंग, मलपृष्ठावर मजकूर, किंमत आणि बारकोडची जागा.

ही कादंबरी यमू स्वतः सांगते, आणि नवऱ्यामागे तिचं बळजबरीनं केशवपन होतं. खिडकीचे गज, पांढरं लुगडं, खाली झुकलेली मान हे सगळं पहिल्या तासात सुचतं, कारण ते सगळ्यांनाच सुचतं. ती स्केचेस मी बाजूला काढली, फाडली मात्र नाहीत. शेवटी राहिली ती एक वेणी. पुढच्या पानाच्या उजव्या कडेपासून ती आडवी येते आणि कण्यावर कापली जाते. मलपृष्ठावर फक्त मजकूर.

कल्पना सुचली तिथे गणित सुरू झालं. वेणी नेमकी कण्यावरच तुटायला हवी, तर कणा किती जाड? ४४८ पानं म्हणजे २२४ कागद. सत्तर जीएसएम मॅपलिथोचा एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर धरला, तर कणा झाला २२.४. पण कागद ०.०९ निघाला तर तो वीसवर येतो आणि दोन मिलिमीटरच्या फरकानं वेणी भलत्याच ठिकाणी तुटते. त्यामुळे अंदाजावर जाऊ नये. त्याच कागदाचे शंभर ताव दाबून धरावेत, व्हर्नियरनं जाडी मोजावी आणि शंभरानं भागावं. डेमीची रुंदी १४० मिलिमीटर. दोन बाजू आणि कणा मिळून ३०२.४, वर कापण्यासाठी दोन्हीकडे तीन-तीन. हे सगळं बारा बाय अठरा इंची डिजिटल प्रिंटच्या तावावर आरामात बसतं. मी तो ताव छापून त्याच जाडीच्या एका जुन्या पुस्तकाला चढवला आणि कपाटात इतर पुस्तकांत उभा केला. पडद्यावर कधीच न दिसणारी गोष्ट तिथे दिसली: कण्यावरचं नाव दोन पावलांवरून वाचता येत नव्हतं.

अक्षरांकडेही पाहावं लागतं. ‘लक्षात’ या एका शब्दात दोन परीक्षा आहेत. बऱ्याच युनिकोड फॉण्टमध्ये ‘ल’ हिंदी वळणाचा येतो. मराठी वळण हवं तर मजकुराची भाषा मराठी निवडावी लागते, आणि तरी बदललं नाही तर त्या फॉण्टात किंवा सॉफ्टवेअरमध्ये ती सोयच नाही असं समजावं. ‘क्ष’ फुटून पाय मोडलेला ‘क्’ आणि सुटा ‘ष’ दिसला, तर सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी चालू नाही. पुण्यातला प्रकाशक आकृतीआधी हे पाहतो, आणि बरोबरच करतो.

नाही म्हणणारं माणूस मात्र उसनं आणावं लागलं. माझी एक मैत्रीण मुद्रितशोधन करते. तिला प्रकाशक केलं. “लेखकाचं नाव कुठंय रे? हरिभाऊंच्या नावावर पुस्तक खपतं, तुझ्या वेणीवर नाही,” ती म्हणाली. नाव मोठं केलं, वेणी खाली सरकवली. आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही रूपं मी फाइलमध्ये शेजारी शेजारी लावली. पुढे प्रकाशकांच्या भेटीत बहुतेक बोलणं त्याच पानावर झालं.

एका कादंबरीनं भागत नाही. दुसरा नमुना केशवसुतांच्या कवितांचा केला, मुद्दाम ऐंशी पानांचा. कणा चार मिलिमीटर, त्यावर नाव बसतच नाही. मग कणा कोरा सोडून रंगानं ओळख द्यावी लागते. तिसरा गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’. तिथे घोड्यावरची राणी टाळून पायी निघालेला भिक्षुक काढला.

प्रत्येक पानाखाली ‘सरावासाठी केलेलं, अप्रकाशित’ असं लिहिलं आणि कोणत्याही खऱ्या प्रकाशनाचं बोधचिन्ह वापरलं नाही. खरी कामं आली तसे हे नमुने एकेक करून निघाले. केशवसुतांचा तेवढा अजून ठेवलाय, कारण बारीक कण्याचं काम हातात द्यावं का, हे विचारणारे प्रकाशक आजही भेटतात.