मोहरी आणि खमीर

नगरच्या आमच्या संडेस्कूलमध्ये बाईंनी प्रत्येकाच्या तळहातावर मोहरीचा एकेक दाणा ठेवला होता. मूठ मिटली की तो घामाला चिकटायचा, उघडली की सापडायचा नाही. बाई म्हणाल्या, याचं झाड होतं आणि त्यावर पाखरं घरटी करतात. आमची मंडळी मोठी होती, नाताळला बाकं कमी पडत. म्हणून दाखल्याचा अर्थ आम्हा मुलांना सरळ वाटायचा: आधी थोडे, मग पुष्कळ. पुढे कितीतरी उपदेशांत मी तोच अर्थ ऐकला, आणि पाळक नसताना उपदेश द्यायची वेळ आली की मीही तोच सांगितला.

तो अर्थ मला अपुरा वाटू लागला तो यहेज्केलचा सतरावा अध्याय वाचताना. तिथे देव गंधसरूचा कोवळा शेंडा खुडून उंच डोंगरावर लावतो आणि त्याच्या छायेत सगळे पक्षी वस्ती करतात. येशूचं बोलणं ऐकणाऱ्यांना हे चित्र ठाऊक होतं. पाखरांचा उल्लेख आला की त्यांच्या डोळ्यांपुढे गंधसरू उभा राहत असणार. येशूने त्या जागी मोहरी लावली. मोहरी म्हणजे एका हंगामाचं रोप. गालीलातली काळी मोहरी माणसाच्या डोक्यावर जाते हे खरं, पण शेंगा वाळल्या की रोप संपतं. पुढच्या वर्षी उगवतं ते सांडलेल्या दाण्यांतून. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवलं आहे, की मोहरी एकदा पेरली की ती जागा तिच्यापासून मोकळी करणं जवळजवळ अशक्य. कारण दाणा पडताक्षणी रुजतो. म्हणजे दाखल्यातलं झाड शंभर वर्षं उभं राहणारं नाही. ते दरवर्षी मरतं आणि दरवर्षी जास्त जागा घेतं.

मराठी मंडळीत याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. त्यानंतर त्यांनी बरीच वर्षं अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं, ‘ज्ञानोदय’साठी लिहिलं. मग 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावं, इथल्या मातीतल्या रीतीने भजावं, ही त्यामागची कल्पना. माणसं थोडी होती आणि टिळकांची प्रकृती साथ देत नव्हती. 9 मे 1919 रोजी ते गेले. त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. झाड म्हणून मोजायचं तर तो दोन वर्षांचा प्रयोग, आणि फसलेला.

पण ‘उपासना संगीत’ उघडून कवींची नावं पाहा. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्या रविवारी जे गातात, त्यात टिळकांची गीतं पानोपानी आहेत. ज्यांना दरबाराचं नावही माहीत नाही त्यांनाही ती तोंडपाठ आहेत. अभंगाच्या चालीवर, टाळ घेऊन ख्रिस्ताला भजणं आज कुणाला नवल वाटत नाही. दरबार संपला आणि त्याची रीत सगळ्या पिठात गेली. इथे मोहरीचा दाखला थांबतो आणि त्याला लागूनच आलेला खमिराचा दाखला सुरू होतो. मत्तय आणि लूक दोघांनीही हे दोन दाखले एकापाठोपाठ दिले आहेत, ते उगीच नव्हे.

हे सगळं डोक्यात घोळत असताना मला काशीदहून बोलावणं आलं. सुरूच्या बनामागे, मुरुडच्या रस्त्यालगत एका घरात नवी मंडळी जमू लागली होती. मंडळी म्हणजे सतरंजीवर मावतील इतकी माणसं: लॉजवर काम करणारं एक जोडपं, बदली होऊन आलेल्या एक नर्सताई, एक आजी, दोन पोरं. काशीदपासून थोड्याच अंतरावर कोर्लई आहे. 1740 मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले, तरी किल्ल्याच्या पायथ्याची कॅथलिक वस्ती मागे राहिली आणि पोर्तुगीजातून घडलेली आपली बोली आजही घरात बोलते. एवढ्या जवळ इतकी जुनी मंडळी असताना सतरंजीवरच्या माणसांना आपण फारच थोडे वाटणं साहजिक होतं. नर्सताईंनी विचारलंच, “दादा, आम्ही वाढणार कधी?”

त्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर घरच्या ताईंनी स्वतः केली होती. मागच्या वेळच्या कणकेतला मुठीएवढा गोळा त्यांनी डब्यात राखला होता. तो कोमट पाण्यात कालवून आदल्या रात्री मैद्यात मळला आणि ओल्या फडक्याखाली झाकला. मी विचारलं, झालंय हे कसं ओळखता? त्यांनी बोट दाबून दाखवलं. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे, हळूहळू भरला तर भट्टीला तयार, आणि तसाच राहिला तर वेळ टळली. मग पाव बसतो आणि आंबट लागतो. किनाऱ्यावरच्या उकाड्यात ही वेळ लवकर टळते. मळणं अर्धवट राहिलं तर एका बाजूला आंबट गाठ होते आणि बाकीचं पीठ तसंच राहतं.

मी उपदेशात तेच धरलं. दाखल्यातल्या बाईने तीन मापे पीठ घेतलं होतं. आजच्या हिशेबाने ते वीस किलोंच्या वर भरतं, शंभरेक माणसं जेवतील इतकं. एका घराला एवढं लागत नाही, ते गावजेवणाचं पीठ आहे. खमीर त्या मानाने चिमूटभर, आणि ते तिने पिठात लपवून ठेवलं. मंडळी छोटी असली की तिला आपलीच आंबट गाठ होण्याचा मोह असतो. तीच माणसं, तीच गाणी, दार लोटलेलं. खमिराची ख्याती शास्त्रात एरवी वाईटच आहे, वल्हांडणाला ते घराबाहेर काढतात. याच किनाऱ्यावरचे बेने इस्रायली तेव्हा आंबट चटणीचं भांडं झाकून ठेवत आणि त्या सणाला ‘अनाशी ढाकायचा सण’ म्हणत. अशी वस्तू येशूने देवाच्या राज्यासाठी निवडली, कारण तिला पिठात गेल्यावाचून काही करता येत नाही.

नर्सताईंना मी सांगितलं, वाढणार कधी याचं उत्तर माझ्याजवळ नाही. पण तुम्ही दवाखान्यात ज्या बाळंतिणींजवळ रात्र काढता, तिथे तुम्ही मंडळीच असता. आजींनी मध्येच विचारलं, पुढच्या वेळचा गोळा काढून ठेवलात ना? ताईंनी डबा दाखवला. माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा तो प्रश्न नेमका होता. पीठ सगळंच भाजलं तर पुढची भाकर होत नाही. त्या दोन पोरांपैकी एकाला वाचायला आणि एकाला पेटी धरायला शिकवणं म्हणजे तो गोळा राखणं. मोहरीसारखं दरवर्षी नव्याने रुजावं लागतं ते हेच.

शहरातल्या मंडळ्यांना माझी एक विनंती आहे. अशा ठिकाणी खुर्च्या, स्पीकर आणि बॅनर पाठवू नका. त्या घरात ते ठेवायला जागा नाही, आणि शेजाऱ्यांशी जमलेलं बोलणं आवाजाने तुटतं. पाठवायचंच असेल तर पेटी वाजवता येणारं एक माणूस दोन-तीन महिन्यांसाठी पाठवा आणि ‘उपासना संगीत’च्या चार प्रती द्या. काशीदला अजून एकच आहे, तिचंही मुखपृष्ठ गेलेलं आहे.