कोऱ्या वहीचा हिशेब

अ‍ॅमेझॉनच्या केडीपीवर वह्या आणि नोंदवह्या काढणाऱ्याने मुखपृष्ठाआधी किंमत ठरवावी, असं माझं ठाम मत झालं आहे. सहा बाय नऊ इंचांची, काळ्या शाईत छापलेली १२० पानांची वही घ्या. अमेरिकेत तिच्या छपाईला एक डॉलर आणि पानामागे १.२ सेंट, म्हणजे एकूण २.४४ डॉलर लागतात. ९.९९ डॉलरपेक्षा कमी किमतीच्या पेपरबॅकवरची रॉयल्टी जून २०२५ पासून ६० टक्क्यांवरून ५० वर आली आणि छपाईखर्च तिच्यातूनच वजा होतो. त्यामुळे ६.९९ च्या वहीमागे हाती जेमतेम १.०५ डॉलर उरतात. तीच वही ९.९९ ला विकली गेली तर ३.५५. जाहिरातीच्या दहा क्लिकमागे एक वही खपते असं धरलं, तर पहिल्या वहीला क्लिकमागे साडेदहा सेंट खर्चले की नफा संपला; दुसरीला पस्तीस सेंटांपर्यंत वाव आहे.

पण रेघांच्या वहीला दहा डॉलर देणार कोण? कोणीच नाही, आणि म्हणूनच नुसती रेघांची वही काढू नये. मधमाश्या पाळणाऱ्याला प्रत्येक तपासणीत राणी दिसली का, अंडी आहेत का, किती चौकटी भरल्या, व्हरोआ माइट किती मोजले, हे लिहून ठेवायचं असतं. त्या क्रमाने रकाने आखलेलं पान त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. कीवर्डही याच कामातून निघतात. केडीपी सात चौकटी देते, प्रत्येकी ५० अक्षरांच्या. शीर्षकात `beekeeping log book` आलंच असेल, तर तेच शब्द तिथे पुन्हा भरण्यात अर्थ नाही; `hive inspection record` किंवा `varroa mite count sheet` लिहावं. नुसत्या `notebook` या शब्दामागे असंख्य वह्या रांगेत उभ्या असतात.

मुखपृष्ठाने दोनच गोष्टी साधाव्यात: शोधयादीतल्या नखाएवढ्या चित्रातही वहीचा उपयोग वाचता यावा आणि माप चुकू नये. पुढचं पान, कणा आणि मागचं पान मिळून ही एकच फाइल असते. पांढऱ्या कागदाच्या १२० पानांना कणा ०.२७ इंच येतो. कडेने छाटणीसाठी ०.१२५ इंच धरले की पूर्ण पत्रक १२.५२ बाय ९.२५ इंचांचं होतं. नंतर पानं वाढवली आणि जुनंच मुखपृष्ठ ठेवलं, की कण्यावरची अक्षरं सरकतात.

शेकडो वह्या टाकल्या तर काही खपतीलच, असं काही जण म्हणतात. पण जिला गिऱ्हाईक नाही, अशा वहीच्या शंभर प्रती काढल्या तरी गिऱ्हाईक तयार होत नाही. शिवाय केडीपीचे पेपरबॅक भारतातल्या अ‍ॅमेझॉनवर छापून मिळत नाहीत, म्हणजे खरेदीदार परदेशातलाच. आणि करकराराचा फॉर्म भरूनही अमेरिकी रॉयल्टीतून १५ टक्के कापले जातात. महिन्याला वीस नोंदवह्या खपल्या, तर ३.५५ च्या दराने हाती साधारण साठ डॉलर येतील. ज्या कामाची नोंद कशी ठेवतात हे तुम्हाला ठाऊक आहे, त्याचीच वही काढा. एरवी या धंद्यात पडू नका.