पुतण्याचं नाव खोडू नका, मामा

भुसावळ



काल फोनवर तुमचा आवाज चढलेला होता, म्हणून मी फार बोललो नाही. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून मोठ्या पुतण्याशी वाजलं, तो चारचौघांत बांधावर नको ते बोलला, आणि रात्री तुम्ही मामींना कपाटातलं मृत्युपत्र काढायला सांगितलंत. त्यात व्यवस्थापक म्हणून, म्हणजे आमच्या कोर्टाच्या भाषेत एक्झिक्युटर म्हणून, त्याचंच नाव आहे. ते खोडून तिथे फैजपूरच्या ताईचं नाव घालतो आणि शेजारी सही करतो, असं म्हणालात. मामा, हात जोडतो, त्या कागदाला पेन लावू नका.

कारण असं. मृत्युपत्र एकदा सही-साक्षीनिशी पूर्ण झालं, की त्यावरची खाडाखोड कायद्याने धरली जात नाही. ती बदलाजवळ तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, म्हणजे पुन्हा सगळा विधी करूनच करावी लागते. शेजारी नुसती तुमची सही असली आणि जुनं नाव वाचता येत असेल, तर तोच व्यवस्थापक राहील. शिवाय उद्या कोणीही विचारेल, हे खोडलं कोणी, मामांनी की ताईने? एका रेघेपायी मळ्याच्या आणि घराच्या वाटणीवरही संशय बसेल.

हवं ते करायला पुरवणी मृत्युपत्र आहे, ज्याला वकील कोडिसिल म्हणतात. तो वेगळा कागद असतो, पण मूळ मृत्युपत्राचाच भाग धरला जातो, म्हणून त्याला विधीही तोच: तुमची सही आणि किमान दोन साक्षीदार. स्टॅम्प लागत नाही. नोंदणीही सक्तीची नाही, पण तुमचं मूळ मृत्युपत्र २०१६ साली रावेरला दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं आहे, तेव्हा पुरवणीही नोंदवूनच करू. एक नोंदलेलं आणि एक घरचं, असे दोन कागद दिसले की घरच्याकडेच बोट जातं.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. आपल्याकडे कागद लिहून देणाऱ्यांकडे मृत्युपत्राचा एक ठरावीक मजकूर असतो: ‘यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे.’ नव्या मृत्युपत्रात ते बरोबर आहे. पण तोच मजकूर सवयीने पुरवणीत उतरला, तर तुमचं २०१६ चं मृत्युपत्रच रद्द झालं असा वाद उभा राहील, आणि हातात उरेल तो एक पानाचा कागद, ज्यात फक्त व्यवस्थापकाचं नाव. वाटणी कुठेच नाही. म्हणून मी मजकूर स्वतः लिहून आणतो. गाभा एवढाच:

‘मी २०१६ साली केलेल्या व रावेर येथे नोंदवलेल्या मृत्युपत्रातील कलम ७ मध्ये नेमलेल्या व्यवस्थापकाची नेमणूक मी रद्द करीत आहे. त्यांच्या जागी माझ्या थोरल्या मुलीस व्यवस्थापक नेमत आहे, आणि ती करू न शकल्यास माझ्या धाकट्या मुलीस. त्या मृत्युपत्रात जिथे जिथे व्यवस्थापक असा उल्लेख आहे, तिथे तो या नेमणुकीप्रमाणे वाचावा. बाकीचे मृत्युपत्र जसेच्या तसे कायम आहे.’

नावं, पत्ते, नोंदणीचा क्रमांक आणि तारीख मी मूळ कागदावरून भरीन. शेवटचं वाक्य चुकूनही वगळायचं नाही. आणि एक लक्षात घ्या, पुतण्याला तुम्ही गुरांच्या गोठ्यालगतची जागा दिली आहे, ती यामुळे जात नाही. व्यवस्थापक असणं वेगळं, वाटा मिळणं वेगळं. ती जागाही काढायची असेल तर तसं स्वतंत्र लिहावं लागेल. पण रागाच्या भरात नको, कांदेबागेची लागवड उरकू द्या, मग विचार करा. बदल का केला याचं एक साधं वाक्य पुरे: ‘आमच्यातील मतभेदांमुळे’. बांधावर काय झालं ते लिहायला बसलात, तर त्यातला एकेक शब्द खरा की खोटा यावरच तुमच्या मुलींना कोर्टात लढावं लागेल.

व्यवस्थापक आणि घर यांचं बिनसलं की काय होतं, ते पुण्याच्या ताई महाराज प्रकरणात दिसतं. बाबा महाराजांचं निधन ७ ऑगस्ट १८९७ ला झालं. त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे आणि आणखी काही जण व्यवस्था बघणार होते. १९०१ साली व्यवस्थापकांच्या पुढाकाराने औरंगाबादला एक दत्तक झाला, त्याच वर्षी बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज यांनी दुसराच दत्तक घेतला. पुढे फौजदारीपर्यंत मजल गेली, आणि निकाल प्रिव्ही कौन्सिलमध्ये लागला १९१५ साली, टिळकांच्या बाजूने. तोवर बाई वारल्या होत्या. नाव बदलणं फक्त मृत्युपत्र करणाऱ्यालाच सोपं असतं, तेही जिवंतपणी. तुम्ही आहात, म्हणून हे आत्ताच करायचं.

साक्षीदारांबद्दल मी जरा हट्ट धरणार आहे. जानकी भोईर विरुद्ध नारायण कदम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मृत्युपत्र सिद्ध झालं नाही असं ठरवलं. एकच साक्षीदार तपासला गेला, दुसऱ्या साक्षीदाराने सही कशी केली हे त्याच्या तोंडून आलं नाही, आणि दुसरा हयात असून कोर्टात आणलाच नाही. म्हणून आपण दोघं असे घेऊ, जे तुमच्याहून वयाने लहान आहेत, गावातच राहतात आणि ज्यांना काही मिळणार नाही. एक तुमचे नेहमीचे डॉक्टर, त्याच दिवशी तपासून प्रकृतीचा दाखलाही देतील. दुसरे सोसायटीचे निवृत्त सचिव. कायद्याने दोघं एकाच वेळी हजर हवेत असं नाही, पण आपण एकाच टेबलावर बसू: आधी तुम्ही वाचून सही करा, त्यांनी बघावं, मग एकेकाने तुमच्यासमोर आणि एकमेकांसमोर करावी. पुढे कोणालाही विचारलं तरी तो सगळं एकट्याने सांगू शकेल.

ताईला त्या दिवशी बोलावू नका. ती व्यवस्थापक होणार, तिला वाटाही आहे. ज्याला मिळणार तोच लिहायला, न्यायला, सही करवायला पुढे असेल, तर न्यायालय तिथेच थांबून बघतं. १९५९ च्या वेंकटाचल अय्यंगार निकालापासून हे पक्कं आहे, आणि शंका दूर करायचं ओझं मृत्युपत्र मांडणाऱ्यावर, म्हणजे तिच्यावरच येतं. तिने फैजपूरहून फोन करून वकील कोण, तारीख कोणती असं काही ठरवू नये. हे सगळं तुमचं आणि माझं असू द्या.

शेवटचा प्रश्न कागदाच्या प्रतीचा. मला आठवतं, २०१६ ला एक झेरॉक्स पुतण्याकडे दिली होती, मूळ तुमच्याच कपाटात. मूळ हरवू देऊ नका. ते तुमच्या ताब्यात असून मागाहून सापडलं नाही, तर तुम्हीच फाडून टाकलं असा समज होऊ शकतो. हयातीत नोंदलेल्या मृत्युपत्राची सही-शिक्क्याची नक्कल फक्त तुम्हाला किंवा तुमच्या अधिकृत माणसाला मिळते. रावेरला गेलो की तीही काढू, आणि मूळ मृत्युपत्र व पुरवणी एकाच पाकिटात ठेवू.

गुरुवारी सकाळी मी येतो. आधार कार्ड, दोन फोटो आणि चष्मा बरोबर ठेवा. तोवर कपाट बंद असू द्या.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा