एका माणसाचे एकतीस दिवस

सोलापुरात जानेवारीची हजेरी जुळवणं हे आमच्या पगार विभागाचं वर्षातलं सगळ्यात नाजूक काम. सिद्धेश्वरांची यात्रा, संक्रांत, प्रजासत्ताक दिन, आणि महिनाअखेर कुणाच्या तरी घरचं लग्न. मी टॉवेलच्या कारखान्यात पगारपत्रकं करतो. महिना सरला की वार्पिंग, विणकाम, डाईंग, शिलाई, पॅकिंग अशा प्रत्येक विभागप्रमुखाला त्याच्या माणसांचा हजेरी-रजेचा गोषवारा पाठवायचा, त्यांनी तो तपासायचा, मग पगार काढायचा. जानेवारी 2025 मध्ये लागू असलेल्या वेतन प्रदान कायद्यानुसार हजारापेक्षा कमी कामगार असतील तर पुढच्या महिन्याची सात तारीख उलटायच्या आत पगार हातात पडायला हवा होता. म्हणजे गोषवारा पहिल्या तारखेला जायला हवा, नाहीतर तपासायला वेळच उरत नाही.

जानेवारी 2025 चा एक माणूस घेऊ. विणकाम खात्यातला, रविवारची साप्ताहिक सुट्टी असलेला. तयार रिपोर्टात त्याची ओळ अशी होती: हजर 22, साप्ताहिक सुट्टी 4, सणाच्या सुट्ट्या 2, रजा 4, खाडे 2. आकडे दिसायला ठीक आहेत. बेरीज मात्र 34 होते, आणि जानेवारीला दिवस एकतीसच असतात.

हे तीन जादा दिवस कुठून आले? पहिला 26 जानेवारीचा. त्या वर्षी तो रविवारी आला. रिपोर्टानं साप्ताहिक सुट्ट्या एका तक्त्यातून मोजल्या, सणाच्या सुट्ट्या दुसऱ्या तक्त्यातून, आणि एकच दिवस दोन्हीकडे धरला. उरलेले दोन रजेच्या अर्जातले. त्यानं 30 जानेवारी ते 3 फेब्रुवारी अशी रजा मागितली होती. मधला रविवार वजा करून अर्जावर चार दिवस लागले होते. रिपोर्टानं ते चारही जानेवारीत टाकले. खरं तर 30 आणि 31 एवढेच दोन जानेवारीचे. 1 आणि 3 तारीख फेब्रुवारीची. पुढच्या महिन्याच्या गोषवाऱ्यात हा अर्ज पुन्हा दिसला असता, तर त्याची हक्काची रजा कागदावर दुप्पट कापली गेली असती.

मधला रविवार रजेत का धरत नाहीत, हे विभागप्रमुख हमखास विचारतात. त्या वेळी लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 79 मध्येच ते होतं: भरपगारी रजेच्या मध्ये किंवा कडेला येणाऱ्या सुट्ट्या रजेत मोजायच्या नाहीत. वीस दिवस काम केलं तेव्हा कुठे एक दिवस रजा पदरात पडते. ती रविवारावर खर्ची टाकणं मला कधीच पटलेलं नाही.

म्हणून मी बेरजांवर बेरजा रचत नाही. आधी प्रत्येक माणसाची प्रत्येक तारखेची एक ओळ तयार करतो, आणि त्या ओळीला एकच खूण देतो. कुठली खूण कुणावर मात करते, तो क्रम मात्र आधी ठरवावा लागतो:

```sql
CASE
  WHEN p.emp_id   IS NOT NULL THEN 'P'
  WHEN w.emp_id   IS NOT NULL THEN 'WO'
  WHEN h.cal_date IS NOT NULL THEN 'PH'
  WHEN l.emp_id   IS NOT NULL THEN l.leave_type
  ELSE '?'
END AS day_code
```

हजर असेल तर हजर, मग साप्ताहिक सुट्टी, मग सणाची, मग रजा. 26 तारीख यात आपोआप एकदाच येते. रविवारी आलेल्या राष्ट्रीय सुट्टीबद्दल वेगळा मोबदला द्यायचा का, हे व्यवस्थापन आणि कामगारांमधल्या करारानं ठरतं. ते हजेरीच्या आकड्यात लपवू नये. रविवारी कामावर आलेल्याची बदली सुट्टीही वेगळ्या रकान्यात दाखवतो, कारण ती त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यायची असते.

मग पाठवायच्या आधी एकच तपासणी:

```sql
SELECT emp_id, COUNT(*) AS days
FROM emp_day
WHERE cal_date BETWEEN '2025-01-01' AND '2025-01-31'
GROUP BY emp_id
HAVING COUNT(*) <> 31;
```

यातून कुणी बाहेर पडलं नाही तरच पुढे जायचं. एकतीसपेक्षा कमी आले तर तो बहुधा महिन्याच्या मध्ये लागलेला किंवा सोडून गेलेला असतो, ते रुजू झाल्याच्या किंवा सोडल्याच्या तारखेवरून लगेच कळतं. जास्त आले तर रजेचे अर्ज बघायचे: जुना अर्ज रद्द न करता नवा मंजूर केलेला असतो, आणि एकाच तारखेला दोन ओळी लागतात.

रातपाळीला ही तपासणी पकडत नाही. 31 जानेवारीच्या रात्री 10 वाजून 55 मिनिटांनी आत गेलेला माणूस 1 फेब्रुवारीच्या सकाळी 7 नंतर बाहेर पडतो. तारखेप्रमाणे पंच उचलले तर जानेवारीत नुसता आत जाण्याचा पंच सापडतो आणि फेब्रुवारीत नुसता बाहेर पडण्याचा. पूर्ण पाळी केलेला माणूस दोन्हीकडे अर्धवट. कायद्याचं कलम 57 यात स्पष्ट होतं: मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे. त्यामुळे पंच पुढच्या दिवशीच्या दुपारपर्यंत उचलायचे आणि पाळी जिथे सुरू झाली त्या तारखेला लावायचे. पहिल्या तारखेचा गोषवाराही मग दुपारनंतरच काढायचा. सकाळी आठला काढला, तर उशिरा बाहेर पडलेल्यांचे पंच यायचेच असतात.

आता आपल्या माणसाची ओळ अशी झाली: हजर 22, साप्ताहिक सुट्टी 4, सणाची सुट्टी 1, रजा 2. एकूण 29. उरले 13 आणि 15 जानेवारी. 14 तारखेची, यात्रेतल्या अक्षता सोहळ्याची सुट्टी आमच्या यादीतच होती. आधीचा दिवस अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेकाचा आणि नंतरचा होमाचा. पंच नाही, अर्ज नाही. तयार रिपोर्ट अशा दिवसाला सरळ खाडा म्हणतो. मी त्याला प्रश्नचिन्ह ठेवतो आणि गोषवाऱ्यात ‘निर्णय बाकी’ असा रकाना करतो. पंच नाही एवढंच यंत्राला माहीत असतं. त्या दिवशी माणूस कुठे होता, हे विभागप्रमुखाला माहीत असतं. गोषवारा त्याच्याकडे पाठवायचं कारणच हे आहे.

विणकामाचे प्रमुख मागावर उभ्या उभ्या मोबाइलवर वाचतात. जोडलेली एक्सेलची फाइल ते उघडणार नाहीत. म्हणून मेलच्या सुरुवातीलाच निर्णय बाकी असलेली नावं आणि तारखा, आणि खाली उत्तराची मुदत: सोमवार, 3 फेब्रुवारी, संध्याकाळी 5. रविवार मध्ये असल्यानं त्याहून लवकरची मुदत देणं अन्यायाचं झालं असतं. बाकी सगळा तक्ता त्याच्या खाली.

सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला.

“अहो, तो नंदीध्वजाच्या मागं होता की. मला सांगून गेलाय.”

“मग साहेब, दोन दिवस रजेवर टाकू का? शिल्लक आहे त्याची. अर्ज तेवढा सही करून पाठवा.”

“पाठवतो. पण दुसऱ्या पाळीतला तो एक आहे ना, 20 आणि 21 वाला, त्याचा खाडाच धरा. त्याला दोनदा निरोप दिला होता.”

एकाचे दोन दिवस भरपगारी झाले, दुसऱ्याचे बिनपगारी. दोन्हीकडे पंच नव्हता, दोन्हीकडे अर्ज नव्हता.

खातं बदललेल्या माणसाचं मात्र वेगळं. 16 तारखेला कुणी शिलाईतून पॅकिंगला गेला, तर आजच्या खात्यावरून गट पाडला की त्याचा अख्खा महिना पॅकिंगच्या प्रमुखाकडे जातो. पंधरा तारखेपर्यंत तो कधी आला, कधी नाही, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? म्हणून खातंही तारखेप्रमाणेच लावायचं. तो दोन गोषवाऱ्यांत दिसतो, एकीकडे पंधरा दिवस, दुसरीकडे सोळा, आणि दोघंही आपापल्या दिवसांची खात्री देऊ शकतात.

4 तारखेला सकाळी जानेवारी बंद केला. त्यानंतर डाईंगमधून एक अर्ज आला, 9 तारखेच्या रजेचा. बंद केलेल्या महिन्यातली ओळ मी बदलत नाही, कारण विभागप्रमुखानं तपासलेला कागद आणि पगारातले दिवस एकच राहिले पाहिजेत. तो दिवस फेब्रुवारीच्या गोषवाऱ्यात ‘मागील महिन्याची दुरुस्ती’ या रकान्यात जाईल, 9 जानेवारी ही तारीख सोबत लिहून, आणि फरकाची रक्कम त्याच पगारात निघेल. तसं मी डाईंगच्या प्रमुखांना त्याच दिवशी कळवलं.