एका सेकंदाची उधारी

खिडकीची टायटल बार माऊसने धरून ठेवली की विंडोजमध्ये गेमचं मुख्य लूप जागच्या जागी थांबतं. आतला कोड "सोडला का? सोडला का?" करत बसतो आणि तोवर आपल्या हाती काहीच परत येत नाही. एका मित्राने घरी लिहिलेल्या इंजिनात यातून मोठी गंमत झाली. अर्धा सेकंद धरून सोडलं तर गेम किंचित अडखळून पुन्हा नीट चालायचा. एक सेकंद धरला की मात्र कायमचा गारठायचा. सीपीयू पूर्ण जोरात, पडद्यावर हालचाल शून्य, आणि खेळणाऱ्याचा सेव्ह न केलेला खेळ पाण्यात!

लूप अगदी नेहमीचंच होतं:

```cpp
acc += frameTime;
while (acc >= dt) {
    step(dt);
    acc -= dt;
}
render(acc / dt);
```

`acc` म्हणजे उधारीची वही. खरा वेळ किती गेला ते त्यात मांडायचं आणि फिजिक्सच्या ठरलेल्या मापाच्या पायऱ्या चढून ते फेडायचं. इथे `dt` होता १/६० सेकंद, म्हणजे १६.६७ मिलिसेकंद. एक पायरी ६ मिलिसेकंदांत व्हायची, चित्र काढायला ४. म्हणजे फ्रेम १० मिलिसेकंदांत उरकायची. ऐसपैस जागा!

आता 'स्पायरल ऑफ डेथ' म्हणजे काय, तर उधारी फेडायलाच इतका वेळ लागतो की तेवढ्यात आणखी मोठी उधारी चढते. पण जरा थांबा. पायरी जर कायम ६ मिलिसेकंदांतच होत असेल, तर हे होऊच शकत नाही. एका सेकंदाच्या ६० पायऱ्या, त्यांना ३६० अधिक ४ मिलिसेकंद. पुढच्या फ्रेमला २१ पायऱ्या, मग ८, मग ३. चार-पाच फ्रेममध्ये वही कोरी. म्हणजे नुसता एक लांब अडथळा गेमला मारत नाही. पायरीच कुठेतरी महाग होत असणार.

प्रोफायलरमध्ये पायरीची सरासरी पाहून काही कळेना, कारण रोजच्या फ्रेममध्ये ती ६ च होती. म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये किती पायऱ्या झाल्या आणि त्यातली कितवी पायरी किती वेळाची, असं फाईलमध्ये लिहून काढलं. आणि चोर सापडला! पहिली पायरी ६, दुसरी साडेसहा, तिसरी ७... प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा अर्ध्या मिलिसेकंदाने महाग (आकडे सोयीसाठी गोल केलेत).

कारण साधं होतं. गोट्या एकमेकींवर आदळल्या की त्या धडकेची नोंद आवाजासाठी एका यादीत जायची, आणि मोठ्या धडका वर राहाव्यात म्हणून प्रत्येक नोंद यादी चाळून योग्य जागी घुसवली जायची. यादी रिकामी व्हायची फ्रेमला एकदा, आवाज वाजवताना. फ्रेमला एकच पायरी असेल तोवर यादी छोटीच. पण एका फ्रेममध्ये ६० पायऱ्या आल्या की यादी फुगत जाते आणि शेवटच्या पायऱ्या ३५ मिलिसेकंदांवर पोचतात.

आता हिशेब पुन्हा मांडू. अर्धा सेकंद अडलं तर ३० पायऱ्या, साधारण ४०० मिलिसेकंद. मग २४ पायऱ्या, २८६ मिलिसेकंद. मग १७, मग १०. उतरत जातं, सुटका! एक सेकंद अडलं तर ६० पायऱ्यांना सुमारे १,२५० मिलिसेकंद. पुढे ७४ पायऱ्यांना १,८००, मग १०८ पायऱ्यांना साडेतीन सेकंद. संपलं. या दोन्हींच्या मधली हद्द ४३ पायऱ्यांच्या आसपास येते, म्हणजे पाऊण सेकंदाच्या जरा आत. अर्ध्या सेकंदाला जगणं आणि एका सेकंदाला मरणं, दोन्हीचा खुलासा झाला.

यावरचा प्रसिद्ध उपाय म्हणजे वहीत एका वेळी किती उधारी लिहायची त्याला मर्यादा घालणं. ग्लेन फिडलर यांच्या २००४ सालच्या 'फिक्स युअर टाइमस्टेप!' या लेखात ती पाव सेकंद आहे:

```cpp
if (frameTime > 0.25)
    frameTime = 0.25;
```

म्हणजे जास्तीत जास्त १५ पायऱ्या, सुमारे १४७ मिलिसेकंद, हद्दीच्या बरंच आत. गेम वाचतो. पण इथे पाव सेकंद चालला तो आपली हद्द त्याच्या वर होती म्हणून. यादी आणखी वेगाने फुगणारी असती तर हीच ओळ असूनही गेम कायम रखडत राहिला असता. शिवाय कापलेला वेळ गेमच्या जगात कधीच घडत नाही. एकट्याने खेळायच्या गेममध्ये ते चालून जातं, पण नेटवर्कवर दोघांची घड्याळं जुळवायची असतील तर तो फरक वेगळा भरून काढावा लागतो.

म्हणून मित्राने दोन्ही केलं. मर्यादा घातली, आणि नोंदी नुसत्या यादीच्या शेवटी टाकून आवाज वाजवायच्या आधी एकदाच क्रम लावला. त्यानंतर मर्यादेची ओळ मुद्दाम काढून टायटल बार पाच सेकंद धरून पाहिली. गेमने दोन-तीन सेकंद आचके दिले आणि मग गोट्या जणू काही झालंच नाही अशा घरंगळायला लागल्या. खात्री पटल्यावर ओळ परत घातली.